कथा: फोटोचा दिवस (शेवट अडलाय, वाचून मत सांगा)

निळी_पेन्सिल
नमस्कार मंडळी. मी आठवी ते दहावीला मराठी शिकवते आणि शाळेच्या हस्तलिखितासाठी एक छोटी कथा लिहितेय. वाचणार आमच्याच मुली, त्यामुळे फोनबद्दल किंवा फोटोबद्दल काही खोटं लिहिलं तर त्यांना पहिल्या ओळीत कळेल आणि मग पुढचं कोणी मनावर घेणार नाही. शेवट मुद्दाम सोडलाय, मला तो अजून दिसत नाहीये. कथा अशी:

हादग्याचे फोटो गल्लीच्या ग्रुपवर आले तेव्हा तन्वी पडल्या पडल्या एकेक बघत होती. पाटावरचा हत्ती, त्याच्याभोवती फेर, खिरापतीच्या डब्याभोवतीची झुंबड. आर्या सापडली, सई सापडली, मग ती स्वतःला शोधायला लागली आणि नजर एका चष्मेवाल्या मुलीवरून तशीच पुढे सरकली. शेवटच्या माणसापर्यंत जाऊन परत आली. पिवळा ड्रेस तिचाच होता.

आठवीच्या सुट्टीपासून तिचे सगळे फोटो एकाच फिल्टरमधले. हनुवटी निमुळती, नाक बारीक, गालावरचे पिंपलचे डाग नाहीत, रंग दोन पायऱ्या उजळ. चष्मा तर कधीच नाही, कारण तो घातला की फिल्टर गाल आत घेताना फ्रेमही वाकवायचा आणि दांडी कानापाशी तुटल्यासारखी दिसायची. नंबर मायनस साडेतीन. चष्मा काढला की फोन तोंडाजवळ धरावा लागायचा, मग स्पष्ट दिसायचं.

डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी दहावीचा ग्रुप फोटो आणि प्रत्येकाचा सिंगल, अशी सूचना वर्गात वाचली गेली तेव्हा मुलींमध्ये कोण कुणाशेजारी उभं राहणार याची चर्चा सुरू झाली. तन्वीच्या डोक्यात एकच, त्या कॅमेऱ्यात फिल्टर नसणार. पन्नास जणांच्या हातात तो फोटो जाणार आणि त्यात मी मला ओळखणार नाही.

त्या रात्री तिने फिल्टर फेव्हरिटमधून काढला आणि साधा कॅमेरा उघडला. नाक केवढं मोठं! तिने बंद केला. दुसऱ्या दिवशी परत उघडला. रोज रात्री अभ्यास संपला की चष्मा काढून एक फोटो, बघायचा, ठेवून द्यायचा. आर्याने स्ट्रीकवर विचारलं, आज फिल्टर नाही? तन्वीने नुसतं नाही लिहिलं. आर्याने त्यावर भूगोलाच्या नकाशाचं विचारलं आणि विषय तिथेच संपला. रात्रीच्या फोटोंनी मात्र काही सोपं होत नव्हतं, नाक तेवढंच मोठं राहिलं.

फोटोच्या दिवशी उंचीप्रमाणे रांगा लागल्या, ग्रुप झाला. मग चित्रकलेच्या वर्गात निळा पडदा लावून सिंगल. तन्वी स्टुलावर बसली. फोटोग्राफर काका म्हणाले, "चष्मा ठेवायचा का काढायचा, बाळा?"

इथे मी थांबलेय. पुढे काय व्हावं?

काठावरचा_वाचक
नजर स्वतःवरूनच पुढे सरकते ते वाचून थांबलो. ते खरं आहे आणि मी अजून कुठे वाचलेलं नाही. शेवटी फोटो सुंदर येतो आणि सगळ्यांना आवडतो असं मात्र करू नका, कारण मग तिचं सोडणं फोटो चांगला आला म्हणून बरोबर ठरतं, आणि वाईट आला असता तर काय चुकलं असतं का?

गुंजन_प
मी आता सेकंड इयरला आहे, अकरावीत दीड वर्ष हेच केलंय म्हणून लिहितेय. आर्याचं काहीच न बोलणं शंभर टक्के बरोबर आहे, मला वाटायचं सगळ्यांना धक्का बसेल पण मैत्रिणी तर मला रोज कॉलेजात बघतच होत्या, त्यांच्यासाठी काय बदललं. अवघड गेलं ते व्हिडिओ कॉलमधल्या स्वतःच्या छोट्या चौकटीचं. समोरची बोलतीये आणि माझे डोळे त्या चौकटीत. शेवटी ती चौकट लपवायचं सेटिंग सापडलं तेव्हा जरा श्वास घेता आला. दुसरं म्हणजे बॅक कॅमेऱ्याने कोणी फोटो काढला की माझा चेहरा वाकडा वाटायचा, एक भुवई वर. आरशात आपण उलटे दिसतो आणि सेल्फीच्या प्रिव्ह्यूमध्ये पण उलटेच, त्यामुळे जगाला दिसणारी बाजू आपल्यालाच परकी असते. हे कथेत कुठेतरी यायला हवं असं मला वाटतं.

सुहास_बी
कथा चांगली आहे. नाकाचं कारण सांगतो, फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याला वाइड लेन्स असते त्यामुळे मधला भाग फुगतो. शाळेचा फोटोग्राफर डीएसएलआर वापरणार, त्यात खरा चेहरा येतो, त्यामुळे फोटो आपोआप चांगलाच येणार आणि शेवटाचा प्रश्नच मिटला. आणि अठराच्या खालच्या मुलांना हे ब्यूटी फिल्टर आता बंद केलेत ना? तसं वाचलं होतं, मग तन्वीला मिळाला कसा?

फोटोवाले_काका
सुहासभाऊ, अर्धं बरोबर आहे, पण नाक लेन्समुळे मोठं होत नाही, अंतरामुळे होतं. आमचा स्टुडिओ वडिलांच्या काळापासून आहे आणि शाळांचे फोटो मी पस्तीसेक वर्षं काढतोय, गिऱ्हाईक येऊन फोनमधला सेल्फी दाखवून माझं नाक असं का हे विचारतं तेव्हा त्याला हेच करून दाखवतो.

टीचरबाईंनी कथेत लिहिलेला चष्म्याचा नंबर फार कामाचा आहे, त्यांनी ठरवून लिहिला का माहीत नाही. मायनस साडेतीनच्या माणसाला चष्म्याशिवाय साधारण २८ सेंटीमीटरपर्यंतच स्वच्छ दिसतं, म्हणजे एक मीटरला साडेतीनने भागायचं. म्हणजे ही मुलगी फोन २८ सेंटीमीटरवर धरणार, त्यापुढे तिला धूसर. आता नाकाचं टोक कानाच्या रेषेपासून १२ सेंटीमीटर पुढे धरा. नाक कॅमेऱ्यापासून २८ वर आणि कान ४० वर. जवळची वस्तू मोठी, तर कानाच्या मानाने नाक ४० टक्क्यांहून थोडं जास्तच मोठं येणार. मी सिंगल काढताना अडीच मीटरवर उभा असतो. तिथे नाक २५० वर आणि कान २६२ वर, फरक ५ टक्के. चेहरा तोच, मुलगी तीच. कानाऐवजी गालाच्या हाडाशी ताडलं तर आकडा कमी येतो, पण अगदीच कमी नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असाच हिशोब मांडला होता, त्यात फूटभर अंतरावरच्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं असं आलं होतं, आणि पाच फुटांवर तो फरक जवळपास नाहीसा होतो.

म्हणजे तन्वीने फिल्टर सोडला पण अंतर सोडलं नाही. रोज रात्री ती जे बघते तो तिचा खरा चेहरा नाहीच. ज्या नाकाला फिल्टर बारीक करत होता ते नाक आधी जवळून फोन धरल्यामुळेच मोठं झालेलं. हे कोणीतरी तिला सांगायला पाहिजे. करून बघायला काही लागत नाही, मैत्रिणीला सहा फुटांवर उभं करायचं, मागचा कॅमेरा, दुप्पट झूम, चष्मा घालून.

लेन्सचा दोष वेगळा असतो. ग्रुपला जागा कमी पडली आणि वाइड लेन्स लावावी लागली तर रांगेच्या टोकाची मुलं आडवी ताणली जातात. सुहासभाऊंचं म्हणणं तिथे लागू पडतं.

सुहास_बी
हे मला नवीन आहे. आत्ता मुलाला उभं करून दोन्ही अंतरांवरून काढून बघितलं, त्याचे कान जवळच्या फोटोत मागे लपतात आणि लांबच्यात बाहेर येतात. पण काका, मग फोन कंपन्याच पुढच्या कॅमेऱ्यात स्मूद करतात ते?

फोटोवाले_काका
ते आहेच. कितीतरी फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याला ब्यूटी किंवा रिटच नावाचा स्लायडर असतो आणि नवीन फोन घेताना तो शून्यावर असेलच असं नाही. गुगलने २०२० मध्ये आपल्या पिक्सेल फोनमध्ये हे मुळात बंद ठेवायचं ठरवलं, बाकीच्यांचं ज्याचं त्याने उघडून बघावं. तर तन्वीने ॲपमधला फिल्टर काढून फोनचा साधा कॅमेरा उघडला म्हणजे सगळं गेलं असं नाही. ओळखायचं कसं, तर चेहरा आणि कपडा एकाच फोटोत मोठा करून बघा. ओढणीचा धागा न धागा दिसतोय आणि गालावर एक छिद्र नाही, भुवईचे केस एकमेकांत मिसळलेत, तर काहीतरी चालू आहे.

मनाली_आई
माझ्या मुलीचा पण दहावीचा फॉर्म भरायचाय, निळा पडदा चालतो का पांढराच लागतो? आणि तिच्या कपाळावर कांजिण्यांचे व्रण आहेत, ते फोटोत काढून टाकले तर हॉल तिकिटाला काही अडचण येईल का? काकांनी सांगावं.

निळी_पेन्सिल
मनालीताई, इथे कथेबद्दल चाललंय पण तुमचा प्रश्न काळजीचा आहे म्हणून लिहिते. पडद्याचं शाळेच्या ऑफिसात विचारा, फॉर्म तेच भरून घेतात आणि कसा फोटो हवा ते सांगतात. व्रणाचं मात्र राहू द्या असं मी म्हणेन. परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक हॉल तिकीट आणि चेहरा ताडून बघतात, तो फोटो ओळखण्यासाठीच आहे. आणि मुलीला विचारलंत का, तिला ते काढायचेत का?

मनाली_आई
तिला नाही विचारलं. विचारते आज.

रानजाई
बारीक मुद्दा, पण मुली पकडतील. कथा कुठल्या वर्षीची? इन्स्टावर बाहेरच्या लोकांनी बनवलेले फिल्टर १४ जानेवारी २०२५ पासून बंद झाले, त्यात हे नाक बारीक करणारे ढिगाने होते. त्यानंतरची असेल तर तिचा दीड वर्षाचा एकच फिल्टर मध्येच गायब झाला असता. स्ट्रीक लिहिलंय म्हणजे तुमच्या मनात स्नॅपचॅट असावं, तिथे अजून आहेत, मग तसं उघड लिहा. सुहास यांनी वाचलेलं अठराखालचं प्रकरण टिकटॉकचं आहे, त्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं होतं, पण आपल्याकडे टिकटॉक जून २०२० पासून बंदच आहे त्यामुळे तन्वीला त्याचा काही उपयोग नाही.

दुसरं, रंग दोन पायऱ्या उजळ हे तुम्ही एका वाक्यात उरकलंय. मी सावळी आहे. माझ्यासाठी नाकाचं काही नव्हतं, पण फिल्टर काढल्यावर हात आणि चेहरा एका रंगाचे दिसले तेव्हा मला इतकी वर्षं कोणी काय काय म्हटलंय ते सगळं एकदम आठवलं. नाकाचं गणित काकांनी सोडवलं, अंतर वाढवलं की झालं. रंगाचं असं अंतर वाढवून काही होत नाही. ते कथेत राहू द्या, उरकू नका.

निळी_पेन्सिल
रानजाई, हे मी डोक्यात ठेवतेय. तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे, माझ्या वर्गातल्या मुली नाकाबद्दल मोकळेपणी बोलतात, रंगाबद्दल बोलत नाहीत.

नंबर मी माझाच लिहिला होता, मायनस साडेतीन, त्याचा अंतराशी असा संबंध लागेल हे डोक्यातही नव्हतं. आता तोच कथेचा कणा करावा असं वाटतंय. काका, अजून एक विचारते, स्टुलावर बसलेल्या चष्मेवाल्या मुलीला तुम्ही खरंच काय सांगता?

फोटोवाले_काका
चष्मा काढ असं मी सांगत नाही. रोज चष्मा लावणाऱ्याचा चष्मा काढला की नाकावर दोन खळगे दिसतात आणि डोळे बावरतात, तो माणूस राहत नाही. काचेवर फ्लॅश चमकतो ही खरी अडचण, त्यासाठी दांड्या कानावरून किंचित वर उचलायला सांगतो, म्हणजे काच थोडी खाली झुकते आणि चमक फोटोत येत नाही. हनुवटी जरा खाली. तेवढं पुरतं. लाइटला छत्री लावलेली असली तर मी तो लाइट अजून वर घेतो.

पण बाई, मला तुमच्या कथेत वेगळीच भीती वाटतेय. तुम्ही धरून चाललाय की शाळेच्या फोटोत फिल्टर नाही. तसं राहिलेलं नाही. ग्रुपला कोणी हात लावत नाही, पन्नास चेहरे कोण करत बसणार. सिंगलचे फोटो मात्र लॅबला गेले की तिथला मुलगा सगळं फोल्डर एका ॲक्शनमध्ये टाकतो, म्हणजे एकदा ठरवून ठेवलेले बदल सगळ्या फोटोंवर आपोआप होतात, चारशे मुलांचे चेहरे एकदम गुळगुळीत आणि उजळ होऊन येतात, कोणी सांगितलेलं नसतं. मी माझ्या लॅबला लिहून देतो की फक्त कलर करा, स्किनला हात लावू नका, तरी एखादं फोल्डर तसंच येतं. पालकही मागतात हे खरं आहे. वडील निगेटिव्हवर पेन्सिलीने डाग भरायचे, तेव्हाही गिऱ्हाईक जरा उजळ करा म्हणायचंच. पण तेव्हा गिऱ्हाईक सांगायचं आणि एकेका निगेटिव्हवर बसून हाताने व्हायचं. आता न सांगता सगळ्यांचं होतं.

तर तुमची तन्वी दोन महिने स्वतःशी झगडून स्टुलावर बसेल आणि जानेवारीत पाकिटात तिला परत तोच फिल्टर मिळेल.

गुंजन_प
काका हे वाचून मला खरंच कसंतरी झालं. माझा बारावीचा फोटो आत्ता काढून बघितला. युनिफॉर्मची वीण दिसतेय आणि माझ्या वरच्या ओठाजवळची तीळ नाहीये. मी आत्तापर्यंत समजत होते की लाइटमध्ये दिसली नसेल.

काठावरचा_वाचक
हाच शेवट आहे. टीचरबाई, शोधायला कुठे जायची गरज नाही.

निळी_पेन्सिल
दोन दिवस यावर बसले होते. मधला भाग बदललाय, आता सई तिला सहा फुटांवरून फोटो काढून दाखवते आणि तन्वी नाकापेक्षा हाताच्या आणि गालाच्या रंगाकडे बघत राहते, कारण आता सांगण्यासारखं दुसरं कारण उरलेलं नसतं. रानजाईंचं ऐकून तो परिच्छेद लांबवलाय. शेवट सध्या असा:

तन्वी म्हणाली, "ठेवायचा." काकांनी दांड्या जरा उचलायला सांगितल्या, हनुवटी खाली, झालं, पुढचा.

पाकिटं प्रिलिमच्या आदल्या आठवड्यात आली. ग्रुपमध्ये ती दुसऱ्या रांगेत होती. सिंगल बघितला आणि तिला वाटलं चुकून दुसऱ्या कोणाचा आलाय. चष्मा होता, पण त्याच्या खाली डाग नव्हते, आणि रंग तोच, दोन पायऱ्या वरचा. आई म्हणाली, "किती छान आलाय गं! मावशीला पाठवते." तन्वी म्हणाली, "थांब, नको पाठवू अजून." शनिवारी शाळा सुटल्यावर ती स्टुडिओत गेली. काउंटरवरच्या दादाला म्हणाली, "माझा आधीचा फोटो मिळेल का? म्हणजे केलेला नको, काढलेला." दादाने पाकीट उघडून बघितलं. "अगं हाच चांगला आहे की."

सुहास_बी
काढलेला आणि केलेला, हे आवडलं. पण पंधरा वर्षांची मुलगी एकटी स्टुडिओत जाऊन असं मागेल? माझी नाही जाणार. ती पाकीट कपाटात टाकेल आणि कुणाला दाखवणार नाही.

गुंजन_प
मी गेले नसते. मी तो फोटो मावशीला पाठवू दिला असता, कारण आईला आनंद झालाय आणि त्या वेळी मला तेवढंच दिसलं असतं. ते पण चुकीचं नाही असं मला वाटतं, तिने तिचं सोडलंय, लॅबने केलेल्याची जबाबदारी तिच्यावर कशाला?

रानजाई
मला ती जायलाच हवीये. आणि आईला "अजून नको" म्हणते ते फार महत्त्वाचं आहे, घरात उजळ फोटोला छान म्हटलं जातं तेव्हा तिथल्या तिथे थांब म्हणणं स्टुडिओत जाण्यापेक्षा अवघड असतं. दादाचं वाक्य शेवटचं ठेवू नका, तिचं उत्तर हवं.

काठावरचा_वाचक
उत्तर नको. दादाला खरंच तो चांगला वाटतोय, तो वाईट माणूस नाही. तिथेच सोडा.

निळी_पेन्सिल
तुम्हा दोघांमध्ये मी अडकलेय. सोमवारी दहावी ब मध्ये दोन्ही शेवट वाचून दाखवणार आहे, मुलींना ठरवू दे. काका, तोपर्यंत एक सांगा, असा आधीचा फोटो जानेवारीत मिळतो तरी का? नसेल मिळत तर तिचं जाणंच खोटं पडेल.

फोटोवाले_काका
मिळतो. लॅबला जाते ती कॉपी, कार्डवरची मूळ फाईल आमच्या हार्ड डिस्कवर असते, मी निकाल लागेपर्यंत पुसत नाही कारण फॉर्म भरताना मुलं परत प्रिंट मागायला येतात. फक्त पाकिटावरचा नंबर पाहिजे, चारशे मुलांत नावाने शोधता येत नाही. तेव्हा तन्वीच्या हातात पाकीट असू द्या, उघडून दाखवते तेव्हा दादाला नंबर दिसेल. आणि मुली विचारतील म्हणून सांगतो, आठ कॉपीच्या एका शीटचे पैसे पडतात, ते तिच्याकडे कुठून आले तेही लिहा.